टीम ११ आणि ड्रॉ नॉकआउटचा: बाय किती, कुणाला आणि तक्त्यात कुठे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

४, ८, १६ किंवा ३२ टीम आल्या तर नॉकआउटचा तक्ता कुणालाही काढता येतो. गडबड होते ती मधल्या आकड्यांना, म्हणून इथे सगळी उत्तरं ११ टीमचं एकच उदाहरण धरून दिलीयत, ते नीट कळलं की बाकीचे आकडे तुमचे तुम्हाला जमतील.

बाय म्हणजे नक्की काय? वॉकओव्हर आणि बाय एकच का?

नाही. बाय ही तक्ता काढतानाच ठेवलेली रिकामी जागा असते, म्हणजे त्या टीमसमोर पहिल्या फेरीत कुणीच नसतं आणि ती न खेळता दुसऱ्या फेरीत जाते. वॉकओव्हरमध्ये समोर टीम असते पण ती आली नाही किंवा तिने माघार घेतली, म्हणून हजर असलेली टीम पुढे जाते. हा फरक कागदावरही दिसला पाहिजे, बायच्या ठिकाणी स्कोअर लिहायचा नाही, विजय म्हणून मोजायचा नाही, फक्त "बाय" लिहून टीमचं नाव पुढच्या रकान्यात न्यायचं.

११ टीमना बाय किती द्यायचे?

टीमच्या संख्येपेक्षा मोठा (किंवा तेवढाच) असा २ चा सगळ्यात जवळचा घात घ्या, म्हणजे २, ४, ८, १६, ३२, ६४ यांतला, आणि त्यातून टीमची संख्या वजा करा. ११ च्या पुढचा १६, १६ वजा ११ म्हणजे ५ बाय. उरलेल्या ६ टीम पहिल्या फेरीत ३ मॅच खेळतात, ३ जिंकतात, त्यात ५ बायवाल्या मिळवल्या की ८ टीम झाल्या, आणि ८ झाल्या की पुढे ४, २, १ असं सरळ जातं, कुठेच कुणी सुटं राहत नाही. बायचा सगळा उद्देश एवढाच की दुसऱ्या फेरीत बरोबर २ चा घात उभा राहावा.

शीटमध्ये करायचं असेल तर A1 मध्ये टीमची संख्या टाका आणि दुसऱ्या सेलमध्ये हे:

```
=2^CEILING(LOG(A1,2),1)-A1
```

११ टाकलं की ५ येतं, १६ टाकलं की ०.

पण ११ विषम आहे म्हणून एकच टीम उरते ना, मग तिला एकच बाय दिला तर काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरी चूक इथेच होते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा तुम्ही तसंच केलं. पहिल्या फेरीत १० टीमच्या ५ मॅच आणि ११ व्या टीमला बाय. दुसऱ्या फेरीत ६ टीम, ३ मॅच, छान वाटतं. आता उरल्या ३. परत एक सुटी पडली, म्हणजे परत बाय, आणि तोही कुठे तर सेमीफायनलला! दोन टीम सेमी खेळणार आणि तिसरी न खेळता फायनलमध्ये जाऊन बसणार. आणि तो दुसरा बाय जर त्याच ११ व्या टीमच्या वाट्याला आला तर ती पूर्ण स्पर्धेत एक मॅच जिंकून फायनलला पोचली आणि समोरची तीन जिंकून दमून आलेली.

लोकांना पटत नाही कारण एकूण मॅच दोन्हीकडे सारख्याच होतात, १०. ग्राउंड तेवढंच लागतं, अंपायर तेवढेच लागतात, त्यामुळे वरवर बघता काहीच बिघडलेलं दिसत नाही. बिघडतं ते जिंकायच्या शक्यतेत. सगळ्या टीम अगदी बरोबरीच्या आहेत असं धरा, म्हणजे प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता अर्धी. बरोबर काढलेल्या तक्त्यात बायवाल्या टीमला ३ मॅच जिंकायच्या असतात, म्हणजे कप मिळायची शक्यता ८ त १, आणि बिनबायवाल्या टीमला ४ जिंकायच्या म्हणजे १६ त १. दुपटीचा फरक आहे, तो टाळता येत नाही. पण वरच्या चुकीच्या पद्धतीत दोन्ही बाय मिळालेल्या टीमला फक्त २ मॅच जिंकायच्या असतात, शक्यता ४ त १, आणि बहुतेक बाकीच्यांना १६ त १. म्हणजे फरक चौपट. एका चिठ्ठीवर एवढं अवलंबून ठेवणं अन्यायच आहे, आणि तो टाळता येण्यासारखा आहे म्हणून जास्त खटकतो.

म्हणून नियम पक्का: बाय फक्त पहिल्या फेरीत. एका टीमला एकच. दुसऱ्या फेरीपासून पुढे बाय हा शब्द तक्त्यात कुठेही दिसता कामा नये.

मी १६ जागांचाच तक्ता घेतला, वरून ११ नावं भरली आणि खालच्या ५ रिकाम्या सोडल्या. बाय ५ च झाले ना?

आकडा बरोबर, जागा चुकल्या. तुमचा तक्ता डोळ्यासमोर आणा: १-२, ३-४, ५-६, ७-८, ९-१० अशा ५ जोड्या, मग ११ समोर रिकामी, आणि त्याखालच्या शेवटच्या दोन जोड्यांमध्ये रिकामी समोर रिकामी. रिकाम्यासमोर रिकामी आली की तिथून दुसऱ्या फेरीत कुणीच येत नाही. मग दुसऱ्या फेरीतली शेवटची मॅच अख्खी रिकामी, आणि तिच्याशी जिची सेमी आहे ती टीम (९, १० किंवा ११ यांतली कुठलीतरी) फुकट फायनलला. म्हणजे फिरून वरच्याच प्रश्नातली चूक, फक्त १६ चा तक्ता वापरल्यामुळे ती बरोबर असल्यासारखी वाटते.

रिकाम्या जागा विखुरल्याच पाहिजेत, एका जोडीत जास्तीत जास्त एक. ही एक गोष्ट सांभाळली तर तक्ता निम्म्याहून अधिक बरोबर येतो.

टीमचा दर्जा माहीत आहे (मागचा निकाल, रँकिंग वगैरे). मग ११ चा तक्ता कसा काढू?

मग काम सोपं आहे. टीमना १ ते ११ मानांकन द्या, १ म्हणजे सगळ्यात तगडी. आता जागांचा क्रम बेरजेने काढायचा. आधी दोनच जागा: १ आणि २. मग चार जागा, प्रत्येक जोडीची बेरीज ५: १-४ आणि २-३. मग आठ जागा, बेरीज ९: १-८, ४-५, २-७, ३-६. मग सोळा जागा, बेरीज १७. म्हणजे आठच्या यादीतला प्रत्येक आकडा त्याच क्रमाने घ्यायचा आणि त्याच्यासमोर १७ मधून तो वजा करून येणारा आकडा लिहायचा. १ समोर १६, ८ समोर ९, ४ समोर १३, ५ समोर १२, तसंच पुढे.

आपल्याकडे १२ ते १६ नंबरच्या टीम नाहीतच, तर जिथे जिथे १२, १३, १४, १५, १६ येतात तिथे "बाय" लिहा. झालं. तक्ता असा दिसतो:

| जोडी | वरची जागा | खालची जागा | दुसऱ्या फेरीत कोण |
|---|---|---|---|
| १ | टीम १ | बाय | टीम १ |
| २ | टीम ८ | टीम ९ | जिंकेल ती |
| ३ | टीम ४ | बाय | टीम ४ |
| ४ | टीम ५ | बाय | टीम ५ |
| ५ | टीम २ | बाय | टीम २ |
| ६ | टीम ७ | टीम १० | जिंकेल ती |
| ७ | टीम ३ | बाय | टीम ३ |
| ८ | टीम ६ | टीम ११ | जिंकेल ती |

दुसऱ्या फेरीत जोडी १ विरुद्ध २, ३ विरुद्ध ४, ५ विरुद्ध ६, ७ विरुद्ध ८. वरच्या चार जोड्यांतून एक फायनलिस्ट, खालच्या चारांतून दुसरा. १ आणि २ नंबरच्या टीम फायनलच्या आधी भेटूच शकत नाहीत, आणि बाय आपोआप पहिल्या पाच मानांकितांनाच गेले, वेगळं काही ठरवावं लागलं नाही. मोठ्या स्पर्धाही हेच करतात, इंडियन वेल्सच्या टेनिस स्पर्धेत एकेरीत ९६ खेळाडू असतात, तक्ता १२८ चा, फरक ३२, आणि ते ३२ बाय ३२ मानांकितांना.

४ आणि ५ दोघींनाही बाय आणि त्या दुसऱ्या फेरीत एकमेकींसमोर! हे चुकलं नाही का?

नाही चुकलं, आणि टाळताही येत नाही. दुसऱ्या फेरीत मॅच ४ आहेत आणि बायवाल्या टीम ५, मग कुठल्यातरी एका मॅचमध्ये दोन बायवाल्या येणारच. ही गोष्ट ९, १०, ११ टीमला होते. १२ टीम असतील तर ४ बाय आणि ४ मॅच, प्रत्येक बायवालीसमोर एक जिंकून आलेली, सगळ्यात सुटसुटीत तक्ता १२ चाच. १३ पासून पुढे उलटं होतं, बाय कमी पडतात आणि काही मॅचमध्ये दोन्ही टीम पहिली फेरी खेळून आलेल्या असतात.

उलट दोन बायवाल्या भेटल्या तर त्या मॅचमध्ये दोघी सारख्याच ताज्या असतात, त्यामुळे कुणाची तक्रार असायचं कारण नाही. कोण कुणासमोर आलं ते मात्र नियमाने ठरलेलं दाखवता आलं पाहिजे.

कुणाचाच दर्जा माहीत नाही, सगळ्या टीम नवीन आहेत. मग बाय कुणाला?

मग चिठ्ठ्या. पण चिठ्ठी बायची काढायची नाही, जागेच्या नंबरची काढायची, आणि कुठल्या नंबरला बाय आहे हे चिठ्ठ्या उघडायच्या आधी फळ्यावर लिहून सगळ्यांना दाखवायचं. हा क्रम उलटा झाला की संशय येतो, मग तुम्ही कितीही प्रामाणिक असा.

शारीरिक शिक्षणात शिकवतात ती पद्धत अशी. टीम वरच्या आणि खालच्या अर्ध्यात वाटायच्या, विषम संख्या असेल तर वरच्या अर्ध्यात एक जास्त. ११ चे ६ वर (१ ते ६) आणि ५ खाली (७ ते ११). बायची वाटणी उलटी, ५ पैकी २ वर आणि ३ खाली, कारण जिथे टीम कमी तिथे रिकाम्या जागा जास्त. पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या जागेला, म्हणजे ११ ला. दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्या जागेला, १ ला. तिसरा खालच्या अर्ध्यातल्या पहिल्या जागेला, ७ ला. चौथा वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्या जागेला, ६ ला. पाचवा परत खाली, शेवटून दुसऱ्या जागेला, १० ला.

म्हणजे पहिल्या फेरीत मॅच होतात २-३, ४-५ आणि ८-९. दुसऱ्या फेरीत १ समोर २-३ ची विजेती, ६ समोर ४-५ ची विजेती, ७ समोर ८-९ ची विजेती, आणि १० समोर ११. वरून ४, खालून ४, हिशोब जुळला.

एक लक्षात ठेवा, इथले १, ६, ७ हे नंबर म्हणजे जागा आहेत, दर्जा नाही. मानांकनाच्या पद्धतीतले नंबर आणि हे नंबर एकाच कागदावर मिसळले की भलताच गोंधळ होतो, म्हणून कुठली पद्धत वापरली ते कागदाच्या वर लिहूनच टाका.

चारच टीमबद्दल खात्री आहे, बाकी सात सारख्याच वाटतात. मधला मार्ग आहे का?

आहे आणि माझ्या मते छोट्या स्पर्धेला हाच सगळ्यात चांगला. वरचा मानांकनाचा तक्ता घ्या, १ आणि २ त्यांच्या ठरलेल्या जागी ठेवा, ३ आणि ४ यांच्यात कोण वरच्या अर्ध्यात आणि कोण खालच्या अर्ध्यात हे चिठ्ठीने ठरवा, आणि बाकीच्या सात जागा (त्यात ५ ची बायवाली जागा पण आली) उरलेल्या सात टीममध्ये चिठ्ठ्या काढून वाटा. तगड्या टीम पहिल्याच दिवशी एकमेकींना बाद करत नाहीत आणि पाचव्या क्रमांकावर कोण यावरून वाद घालावा लागत नाही. ज्याबद्दल खात्री नाही ते मानांकन देऊच नका, अंदाजाने दिलेलं मानांकन चिठ्ठीपेक्षा वाईट.

ड्रॉ जाहीर झाल्यावर १२ वी टीम आली. सगळं परत काढायचं?

आधी ठरवा की घ्यायचीच आहे का, मुदत संपली असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. घ्यायची असेल तर सगळं परत काढू नका, कारण ज्यांना बाय मिळालाय आणि ज्यांना सोपा ड्रॉ आलाय ते सगळे भांडतील आणि त्यांचं बरोबरही असेल. सगळ्यात शेवटी दिलेला बाय काढून घ्या आणि नवी टीम तिथे बसवा. मानांकनाच्या तक्त्यात ती १२ नंबरची जागा, म्हणजे टीम ५ समोर. अर्ध्यांच्या पद्धतीत पाचवा बाय १० ला होता, म्हणून नवी टीम १० समोर. एकाच टीमला झळ बसते, बाकी दहा जणींचं काहीच हलत नाही. हा नियम ड्रॉच्या आधी वाचून दाखवला असेल तर त्या एका टीमलाही बोलायला जागा उरत नाही.

टीम गळाली तर? ड्रॉच्या आधी गळाली तर नव्याने मोजा, १० टीम म्हणजे ६ बाय. ड्रॉनंतर गळाली तर तिच्या समोरच्या टीमला वॉकओव्हर, बस. तिच्या जागी दुसऱ्या जोडीतली टीम उचलून आणू नका, एक जागा हलवली की त्या अर्ध्यातली सगळी गणितं हलतात.

एकूण मॅच किती धरू? टाइमटेबल कसं लावू?

टीम वजा एक, म्हणजे १०. प्रत्येक मॅच एका टीमला बाद करते आणि शेवटी एकच उरायची असते, त्यामुळे बाय कितीही असोत आकडा बदलत नाही. तिसऱ्या नंबरची मॅच ठेवली तर ११. फेरीवार बघितलं तर ३, ४, २, १.

आता टाइमटेबलची गोष्ट. पहिल्या दिवशी ३ च मॅच आहेत आणि ग्राउंड रिकामं पडतं असं वाटतं, पण मानांकनाच्या तक्त्यात ४ विरुद्ध ५ ही मॅच कुणाच्याच निकालासाठी थांबलेली नाही, दोन्ही टीम आधीच माहीत आहेत, ती पहिल्याच दिवशी घेऊन टाका. मग पहिला दिवस ४ मॅच, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीच्या उरलेल्या ३, आणि नंतर सेमी आणि फायनल. एकाच दिवसात सगळं उरकायचं असेल तर एक काळजी घ्या, ८-९ ची मॅच सगळ्यात आधी लावली तर तिची विजेती १ समोर उभी राहीपर्यंत तिला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पहिल्या फेरीतली शेवटची मॅच संपल्या संपल्या तीच विजेती लगेच ताज्या बायवाल्या टीमसमोर उतरवली तर बायचा फायदा विनाकारण वाढतो, आणि तो ड्रॉने नाही, तुमच्या टाइमटेबलने दिलेला असतो.

बायवाल्या टीमला तोटा काहीच नाही?

थोडा आहे. समोरची टीम एक मॅच खेळून हात मोकळे करून आलेली असते, ग्राउंड ओळखीचं झालेलं असतं, आणि बायवालीची ती पहिलीच मॅच. म्हणून काही टीम बाय नको म्हणतात. पण बाय नाकारू द्यायचा नाही, एकीने नाकारला की तो दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागतो आणि जागा बदलतात. त्यांना सरावाला ग्राउंडवर थोडा वेळ द्या, तेवढं पुरतं.

माझा तक्ता बरोबर आलाय का, पटकन कसं ओळखू?

दुसऱ्या फेरीचा रकाना मोजा, ११ टीमला तिथे बरोबर ८ नावांच्या जागा हव्यात, ७ किंवा ६ आल्या तर कुठेतरी रिकाम्यासमोर रिकामी आलीय. मग कुठल्याही टीमवर बोट ठेवून फायनलपर्यंत रेघ ओढत जा, बायवालीला ३ मॅच लागल्या पाहिजेत आणि बाकीच्यांना ४, एखादीला २ च लागत असतील तर तिला दोन बाय गेलेत. शेवटी तक्त्यातल्या सगळ्या मॅच मोजा, १० नसतील तर एखादी जोडी दोनदा लिहिलीय किंवा राहिलीय. पण फक्त मॅच मोजून थांबू नका, वर बघितलं तसं चुकीच्या तक्त्यातही १० च येतात, रेघ ओढून बघणंच खरं.

९ किंवा १७ टीम असल्या तर? ९ ला ७ बाय म्हणजे फारच होतात.

होतात खरे, पण गणित तेच. ९ टीमला पहिल्या फेरीत एकच मॅच, ८ विरुद्ध ९, आणि बाकी सात थेट पुढे. असं असेल तेव्हा तिला पहिली फेरी न म्हणता प्राथमिक मॅच म्हणा आणि मुख्य तक्ता ८ चा छापा, वाचायला सोपा जातो आणि सात ठिकाणी बाय लिहावं लागत नाही. १७ ला पण हेच, एक प्राथमिक मॅच आणि मग १६ चा तक्ता. फक्त त्या एका मॅचच्या दोन टीम चिठ्ठीने ठरवल्या असतील तर तसं तक्त्याखाली लिहा, कारण त्या दोघींनाच एक मॅच जास्त खेळायची आहे आणि त्या विचारणारच.